डॉक की केबल? नागपूरच्या उन्हाळ्यात कंट्रोलर, माऊस आणि कीबोर्ड चार्ज करण्याची नीट पद्धत

वायरलेस कंट्रोलर घेतला की पहिल्या वर्षी बॅटरी छान चालते. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तोच कंट्रोलर निम्म्या वेळात मान टाकतो. मग कोणी कंट्रोलर ठेवून चार्ज करायच्या स्टँडला, म्हणजे डॉकला, दोष देतं, कोणी केबलला, तर कोणी ‘बॅटरी पूर्ण उतरवून चार्ज करायला हवी होती’ असा सल्ला देतं. हा शेवटचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आजच्या लिथियम बॅटरीला तो अपायकारक आहे.

खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि गरम जागी किती काळ पडून राहिली, यावर तिची झीज सर्वांत जास्त ठरते. चार्जिंग डॉकवर झालं की केबलने, हा प्रश्न त्यानंतरचा. नागपुरात एप्रिल ते जून खोलीचं तापमानच बॅटरीच्या सोयीच्या मर्यादेबाहेर असतं, त्यामुळे इथे चार्जिंगची वेळ आणि जागा यांना जास्त महत्त्व आहे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. क्रम उलटला तर चांगला डॉक घेऊनही उपयोग होत नाही.

## १. आधी आत कोणती बॅटरी आहे ते बघा

प्लेस्टेशनचे कंट्रोलर, स्विचचा प्रो कंट्रोलर, बहुतेक गेमिंग माऊस आणि बहुतेक मेकॅनिकल वायरलेस कीबोर्ड यांच्यात बंद लिथियम बॅटरी असते. ती सेलसारखी सहज काढता येत नाही, त्यामुळे यंत्रच चार्ज करावं लागतं.

एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर मात्र दोन ‘डबल ए’ सेलवर चालतो. पुष्कळ स्वस्त माऊस आणि कीबोर्डही सेलवरचेच असतात. इथे एक चूक सतत होते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला टाइप-सी पोर्ट दिसतो, म्हणून लोक आत रिचार्जेबल सेल टाकून रात्रभर केबल लावून ठेवतात आणि सकाळी सेल तसेच रिकामे निघतात. त्या पोर्टमधून ‘डबल ए’ सेल चार्ज होत नाहीत. त्या कप्प्यात कंपनीचा वेगळा रिचार्जेबल पॅक बसवला असेल, तरच केबलने चार्जिंग होतं.

सेलवरचं यंत्र असेल तर माझा सल्ला सरळ आहे. नुसते पडून राहिले तरी फारसे न उतरणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलच्या दोन जोड्या घ्या आणि प्रत्येक सेलवर स्वतंत्र लक्ष ठेवणारा चार्जर घ्या. एक जोडी वापरात, दुसरी तयार. हे सेल भरत आले की चांगलेच तापतात, म्हणून चार्जर दुपारी लावू नका. सेल थकले की नवी जोडी टाकता येते आणि कंट्रोलर उघडावा लागत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात ही सोय मोठी आहे.

सावधान: साधे अल्कलाइन सेल रिचार्जेबल सेलच्या चार्जरमध्ये कधीही टाकू नका. ते गळतात आणि फुटूही शकतात. सेलवर ‘रिचार्जेबल’ असं लिहिलेलं आणि १.२ व्होल्ट हा आकडा असेल, तरच तो चार्जरमध्ये जातो.

पुढचं सगळं मुख्यतः बंद लिथियम बॅटरीबद्दल आहे.

## २. चार्जिंगची जागा ठरवा

सोनी आपल्या कंट्रोलरसाठी १० ते ३० अंश सेल्सिअस या तापमानात चार्जिंग करायला सांगते. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतप्यात वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. म्हणजे दुपारी चार वाजता तुम्ही कंट्रोलर डॉकवर ठेवता, तेव्हा चार्जिंग सुरू होण्याआधीच तो मर्यादेच्या वर असतो. त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता मिसळते.

उष्णतेचा परिणाम किती असतो, हे बॅटरीच्या क्षेत्रात नेहमी दिल्या जाणाऱ्या आकड्यांवरून कळतं. लिथियम बॅटरी पूर्ण भरून २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली, तर तिची क्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते. तीच ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्क्यांच्या आसपास. पण ती अवघी ४० टक्के भरून ठेवली, तर २५ अंशांत ९६ आणि ४० अंशांतही ८५ टक्के क्षमता उरते. हे आकडे वापराविना, नुसत्या पडून राहण्याचे आहेत. प्रत्येक बॅटरीत ते थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा हीच राहते. उष्णता वाईट, पूर्ण भरलेली अवस्था वाईट, आणि दोन्ही एकत्र सर्वांत वाईट.

म्हणून जागा अशी निवडा:

टीव्हीच्या बंद कप्प्यात, कन्सोलच्या गरम हवेच्या तोंडाशी, वायफाय राउटरच्या डोक्यावर किंवा सेट-टॉप बॉक्सवर डॉक ठेवू नका. या चारही जागा खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असतात, आणि डॉक ठेवायला लोक नेमक्या याच जागा निवडतात, कारण तिथे प्लग जवळ असतो. पश्चिमेच्या खिडकीतलं टेबलही नको. घराच्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीपासून थोडं सुटं, कडक पृष्ठभागावर ठेवा. गादीवर, उशीखाली किंवा सोफ्याच्या फटीत चार्जिंग करू नका, तिथे उष्णता बाहेर पडत नाही.

कूलरबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. कूलरची खोली चार्जिंगला दुपारच्या बिनकूलरच्या खोलीपेक्षा खूप चांगली, पण डॉक थेट कूलरच्या झोतात ठेवू नका. वाळ्याच्या ताट्या नव्या असताना किंवा पाणी जास्त सुटत असताना बारीक तुषार येतात, आणि डॉकच्या उघड्या धातूच्या टोकांवर ते बसले की हिरवट-काळा थर धरतो. कूलरच्या बाजूला, झोताबाहेर, हातभर दूर जागा पुरते.

तपासा: चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने कंट्रोलरची मागची बाजू हाताला लावून बघा. कोमट लागली तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर लगेच काढा, जागा बदला आणि थंड झाल्यावरच पुन्हा लावा.

## ३. डॉक आणि केबल नेमकं काय करतात, हे समजून घ्या

बहुतेक चुका इथल्या गैरसमजातून होतात. पुष्कळांना वाटतं की डॉकमध्ये बॅटरी भरणारं काही खास यंत्र असतं. प्लेस्टेशनचा कंट्रोलर किंवा माऊस यांच्या बाबतीत तसं नसतं. डॉक आणि केबल दोघंही फक्त ५ व्होल्ट पुरवतात. किती प्रवाह घ्यायचा, बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास पोहोचली की कधी थांबायचं, हे सगळं कंट्रोलरच्या आतली चार्जिंगची चिप ठरवते. म्हणून ‘डॉकने जास्त चार्ज होऊन बॅटरी फुगते’ हे चांगल्या डॉकच्या बाबतीत खरं नाही, आणि ‘६५ वॅटच्या चार्जरने कंट्रोलर लवकर भरतो’ हेही खरं नाही. कंट्रोलर मागतो तेवढंच घेतो. त्याला ५ व्होल्ट आणि १ अँपिअरचा साधा अ‍ॅडॉप्टर पुरेसा आहे.

मग फरक कशात पडतो?

पहिला फरक वेळेचा. केबल आपण मुद्दाम लावतो आणि काढतो. डॉक ही यंत्र ठेवायची जागा बनते. खेळ संपला की कंट्रोलर डॉकवर, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिथेच. तासाभरात बॅटरी भरते आणि पुढचे वीसेक तास ती भरलेलीच उभी राहते. थोडी उतरली की चिप पुन्हा वरपर्यंत भरते. म्हणजे वर्षभर बॅटरी जवळजवळ शिखरावर. डॉकची खरी अडचण ही आहे, आणि ती डॉकच्या दर्जाशी संबंधित नाही. चार्जरला कायम लावून ठेवलेल्या केबलनेही अगदी हेच होईल.

दुसरा फरक पोर्टचा. केबल रोज घालून-काढून टाइप-सीचं तोंड ढिलं होतं, आणि जुन्या कंट्रोलरमधला मायक्रो यूएसबी तर त्याहून नाजूक. लहान मुलं केबल लावूनच खेळतात, केबल ओढली जाते आणि पोर्टचा टाका आतून सुटतो. इथे डॉक चांगला. पीएस५ च्या कंट्रोलरला खालच्या बाजूला चार्जिंगसाठी वेगळी धातूची टोकं आहेत, आणि कंपनीचा डॉक तीच वापरतो, म्हणून टाइप-सी पोर्टवर ताण येत नाही. काही स्वस्त डॉक मात्र टाइप-सीमध्ये कायम अडकवून ठेवायचा छोटा तुकडा देतात. तो तुकडा कंट्रोलर खाली ठेवताना टेबलावर आपटला की पोर्टच वाकतो. असा डॉक घेऊ नका, त्यापेक्षा केबल बरी.

तिसरा फरक खात्रीचा. केबल लागली की लागली. डॉकवर कंट्रोलर जरा तिरका बसला किंवा टोकांवर घाम-तेलाचा थर असला, तर चार्जिंग सुरूच होत नाही आणि ऐन वेळी कळतं. सिलिकॉनचं कव्हर असलेले कंट्रोलर डॉकमध्ये पूर्ण बसत नाहीत, आणि बसले तरी कव्हर उष्णता धरून ठेवतं. चार्जिंगला लावताना कव्हर काढा.

माझा निवाडा असा: ज्यांच्या घरी कंट्रोलर रोज वापरात आहे आणि मुलांच्या हातात केबल टिकत नाही, त्यांनी डॉक घ्यावा, पण तो वेळेच्या बंधनात ठेवावा. जे आठवड्यातून दोन-तीनदा खेळतात, त्यांना डॉकची गरज नाही. त्यांनी चांगली केबल घ्यावी.

## ४. कंट्रोलर चार्ज करण्याचा क्रम

पायरी १. खेळ संपल्यावर कंट्रोलर लगेच चार्जिंगला लावू नका. तो हातात तापलेला असतो. दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवा.

पायरी २. किती बॅटरी उरली ते बघा. प्लेस्टेशनवर ती तीन खणांत दिसते. तीनपैकी दोन खण असतील तर आज चार्ज करायची गरज नाही. एक खण उरला की लावा. पूर्ण बंद पडेपर्यंत थांबण्यात काही फायदा नाही, उलट खोलवर उतरलेली बॅटरी जास्त थकते.

पायरी ३. कंट्रोलर बंद करून, कव्हर काढून, केबल किंवा डॉकवर लावा.

पायरी ४. दिवा बघा. कन्सोल बंद किंवा रेस्ट मोडमध्ये असताना पीएस५ चा कंट्रोलर चार्ज होत असेल, तर त्याचा दिवा नारिंगी रंगात हळूहळू उजळतो-मंदावतो. पूर्ण भरला की विझतो. लावल्याबरोबर दिवा लागलाच नाही, तर कंट्रोलर नीट बसलेला नाही असं समजा. विझलेला दिवा बघून ‘भरला वाटतं’ म्हणून पुढे जाऊ नका, ही चूक फार जण करतात.

पायरी ५. वेळ संपली की काढा. पीएस५ च्या कंट्रोलरची बॅटरी १५६० एमएएचची आहे आणि रिकामी असताना भरायला साधारण तीन तास लागतात. एक खण उरलेला असताना लावला तर दीड तासात तो रोजच्या वापराला पुरेल इतका भरतो. शंभर टक्के गाठणं गरजेचं नाही.

घड्याळाकडे बघत बसणं कोणाला जमत नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी कन्सोलमध्येच सोय आहे. पीएस५ वर या ठिकाणी जा:

```
Settings > System > Power Saving >
Features Available in Rest Mode >
Supply Power to USB Ports
```

इथे `Always` ऐवजी `3 Hours` निवडा. मग कन्सोलला जोडलेली केबल किंवा कन्सोलच्या यूएसबीवर चालणारा डॉक रेस्ट मोडमध्ये गेल्यावर तीन तासांनी आपोआप बंद होतो. पीएस४ वरही अशीच निवड आहे. डॉक स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालत असेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा यांत्रिक टायमर प्लग लावा किंवा बटण असलेला एक्स्टेंशन बोर्ड वापरा.

तपासा: टायमर लावल्यावर पहिल्या दोन रात्री उठून खरंच बंद झाला का ते बघा. काही डॉक बंद झाल्यावरही कंट्रोलरचा दिवा लागलेला दिसतो, कारण कंट्रोलर जागा झालेला असतो. तसं होत असेल तर कंट्रोलर डॉकवरून काढून ठेवणं हाच उपाय.

### एक घर, एक उन्हाळा

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते बघू. समजा, प्रतापनगरात वरच्या मजल्यावरचं घर आहे. कॉलेजला जाणारा मुलगा रोज दोन तास पीएस५ खेळतो. कंट्रोलर एका चार्जमध्ये साधारण आठ तास चालतो असं धरू.

वर्षाचे खेळाचे तास झाले ७३०. त्याला आठने भागलं तर सुमारे ९१ पूर्ण चार्ज. लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर ठळकपणे थकते, आणि अर्धा-अर्धा दोनदा केलेला चार्ज मिळून एक चक्र मोजलं जातं. म्हणजे नुसत्या वापराने ही बॅटरी किमान तीन आणि सहज पाचेक वर्षं टिकायला हवी. मग ती दुसऱ्या वर्षीच का थकते?

आता त्याच घरातला डॉक बघा. तो टीव्हीखालच्या बंद कप्प्यात आहे. मुलगा रात्री अकराला कंट्रोलर ठेवतो, पाऊण-एक तासात तो भरतो. पुढचे एकवीस तास तो पूर्ण भरलेला, आणि त्यातले दुपारचे सात-आठ तास त्या कप्प्यात ४० अंशांच्या आसपास. हे एप्रिल, मे आणि अर्धा जून चालतं. झीज खेळाने होत नाही, त्या कप्प्यातल्या दुपारींनी होते.

आता तीन बदल करा. डॉक कप्प्यातून काढून कूलरच्या खोलीत, झोताबाहेर ठेवला. यूएसबीचा पुरवठा तीन तासांवर आणला. आणि कंट्रोलर रोज रात्री न ठेवता दोन दिवसांआड, एक खण उरल्यावर ठेवला. रोजच्या खेळाला काही कमी पडत नाही, पण आठवड्यातला बहुतेक काळ बॅटरी ३० ते ८० टक्क्यांच्या मधे राहते. यासाठी नवा एक रुपयाही खर्च झाला नाही.

दुपारी चार्ज करणं भागच असेल, उदाहरणार्थ संध्याकाळी मित्र येणार असतील, तर एसी किंवा कूलर चालू असलेल्या खोलीत करा. नाहीतर सकाळी सहा ते आठ ही उन्हाळ्यातली सर्वांत चांगली वेळ आहे. घर तेव्हाच सर्वांत थंड असतं.

## ५. माऊस

माऊसची बॅटरी लहान असते. हलक्या गेमिंग माऊसमध्ये ती २५० एमएएचच्या आसपास, ऑफिसच्या मोठ्या माऊसमध्ये ५०० च्या आसपास. पण माऊस फार कमी वीज खातो, त्यामुळे आठवडाभर सहज जातो. म्हणून रोज रात्री माऊस डॉकवर ठेवण्याला काही अर्थ नाही. दर आठवड्याला एक दिवस ठरवा, जेवायला जाताना केबल लावा आणि परत आल्यावर काढा.

गेमिंग माऊसमध्ये पोलिंग रेट, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा संगणकाला आपली हालचाल कळवतो तो आकडा, हजारावरून चार किंवा आठ हजारांवर नेला, तर बॅटरी काही पटींनी लवकर संपते. ‘बॅटरी खराब झाली’ म्हणून माऊस बदलण्याआधी ही सेटिंग बघा. रोजच्या कामाला हजार भरपूर आहे. माऊसवर दिव्यांची रोषणाई असेल तर तीही बंद करून बघा.

ज्या माऊसचं चार्जिंगचं तोंड पोटाखाली आहे, तो चार्ज होताना वापरता येत नाही. त्याला कामाआधी दहा मिनिटं तरी द्या, म्हणजे मीटिंगमध्ये अडकणार नाही.

सावधान: बारीक माऊसला केबल लावताना मायक्रो यूएसबीची बाजू उलटी घुसवू नका. आतली पट्टी वाकली की तो पोर्ट दुरुस्त करणं माऊसच्या किमतीला परवडत नाही.

## ६. कीबोर्ड

कीबोर्डची चूक वेगळी असते. बहुतेक जण वायरलेस कीबोर्ड घेतात आणि केबल लावून टेबलावर कायम जोडूनच ठेवतात. मग बॅटरी वर्षभर शंभर टक्के, आणि पुष्कळदा गरम हवा सोडणाऱ्या लॅपटॉपच्या शेजारी. जो कीबोर्ड टेबलावरून हलणारच नाही, तो बिनबॅटरीचा साधा वायरचा घ्या. वायरलेसच हवा असेल तर केबल काढून ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा लावा.

मेकॅनिकल कीबोर्डच्या बॅटऱ्या मोठ्या असतात, काहींत ४००० एमएएच किंवा त्याहून जास्त. लॅपटॉपचा साधा यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे रिकामा कीबोर्ड भरायला आठ तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. लोक संध्याकाळी केबल लावून लॅपटॉपचं झाकण बंद करतात, पोर्ट झोपतो, आणि सकाळी कीबोर्ड वीस टक्क्यांवरच असतो. कीबोर्ड भिंतीवरच्या साध्या अ‍ॅडॉप्टरला लावा.

हीच अडचण हबची. एकाच हबला कंट्रोलर, माऊस आणि कीबोर्ड तिघं लावले आणि हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसेल, तर लॅपटॉपच्या एकाच पोर्टची वीज तिघांत वाटली जाते. कुठलंच यंत्र वेळेत भरत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे चांगले कीबोर्ड ‘खराब’ म्हणून परत केले जातात. काही स्वस्त कीबोर्ड आणि माऊस दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. त्यांच्या पोर्टमध्ये चार्जरला ‘वीज दे’ असं कळवणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात, म्हणून नव्या पद्धतीचा चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की लगेच सुरू होतं. बर्डीच्या बाजारात नवा चार्जर घ्यायला जाण्याआधी हा एक प्रयोग करा.

तपासा: कीबोर्ड वेळेआधी संपत असेल तर आधी बॅकलाइट पूर्ण बंद करून आठवडाभर चालवा. दिव्यांनी दोन दिवसांत संपणारा कीबोर्ड दिव्यांविना काही आठवडे जातो. तसा गेला तर बॅटरी ठणठणीत आहे.

## ७. महिन्यातून एकदा

डॉकची टोकं आणि कंट्रोलरच्या खालची टोकं पुसा. सुती कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, टोकांवरून फिरवा, पाच मिनिटं वाळू द्या. डॉकचा प्लग आधी काढा. पाणी, थुंकी, अत्तर किंवा घरगुती क्लीनर वापरू नका. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, दमटपणामुळे हा थर लवकर धरतो, तेव्हा पंधरा दिवसांनी पुसा. टाइप-सी पोर्टमध्ये धूळ दिसली तर लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई किंवा पिन घालू नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जाताना कंट्रोलर डॉकवरून काढा. साधारण अर्धा भरलेला, बंद करून, घराच्या आतल्या बाजूच्या कपाटात ठेवा. पूर्ण भरून ठेवू नका आणि पूर्ण रिकामाही ठेवू नका. रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने पडून आणखी खाली उतरली, तर आतलं संरक्षण सर्किट तिला बंद करतं आणि मग ती चार्जरला दाद देत नाही. वापर नसलेला कंट्रोलर तीन-चार महिन्यांनी काढून पुन्हा अर्धा भरा. आणि गाडीच्या डिकीत कधीही सोडू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत बॅटरी घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त तापते.

## ८. बॅटरी थकली की फुगली, हे ओळखा

थकलेली बॅटरी लवकर संपते, पण आकार बदलत नाही. ती वापरता येते, फक्त वारंवार चार्ज करावी लागते. फुगलेली बॅटरी वेगळी. कंट्रोलरच्या दोन तुकड्यांच्या जोडात फट दिसते. माऊसची पाठ वर आलेली वाटते किंवा डावं-उजवं बटण दाबायला घट्ट होतं. कीबोर्ड सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो किंवा मधल्या कळा वर उचललेल्या दिसतात.

यातलं काही दिसलं तर हा क्रम ठेवा. चार्जिंग लगेच थांबवा. यंत्र बंद करा. दाबून फट बुजवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका. लाकडी फर्निचर आणि पडद्यांपासून दूर, फरशीवर किंवा बाल्कनीच्या सावलीत ठेवा. मग दुरुस्तीच्या दुकानात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. बॅटरी बदलून घेताना जुन्या बॅटरीच्या आकाराचीच, पण दुप्पट एमएएच लिहिलेली ‘जम्बो’ बॅटरी घेऊ नका. तेवढ्याच जागेत दुप्पट क्षमता मावत नाही, लेबल खोटं आहे असं समजा.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेते. देशात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू आहेत, त्यानुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात किंवा सेवा केंद्रातच द्या. देण्याआधी तिच्या दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेप लावा आणि ती सुट्या नाण्या-किल्ल्यांबरोबर पिशवीत टाकू नका.